मध्यम टप्प्यावर अडकलेला प्रौढ शिकणारा: एक संवाद आणि त्याचे विश्लेषण

या पाठात काय पाहणार आहोत

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत.

1. दुसरी भाषा शिकणाऱ्याची प्रगती मध्यम टप्प्यावर का थांबल्यासारखी वाटते, हे एका उदाहरणावरून सांगणे.
2. शिकणाऱ्याच्या बोलण्याचा नमुना घेऊन त्यातील नेमका अडलेला भाग मोजून शोधणे.
3. 'माहीत नाही' आणि 'माहीत आहे पण वेळेवर येत नाही' या दोन अडचणी वेगळ्या करून प्रत्येकीसाठी वेगळा सराव सुचवणे.

1. प्रस्तावना

नवी भाषा शिकताना पहिल्या वर्षी प्रगती डोळ्यांना दिसते. काल भाजीवाल्याशी बोलता येत नव्हते, आज येते. पुढे मात्र एक काळ असा येतो की रोजचे व्यवहार सुरळीत चालतात, लोक कौतुकही करतात, पण आपण पुढे सरकतो आहोत असे वाटत नाही. त्याच चुका वर्षानुवर्षे होत राहतात. अनेक प्रौढ शिकणारे याच वळणावर शिकणे सोडतात.

या पाठासाठी आपण एकच उदाहरण घेऊ. चेन्नईहून पुण्याला बदली होऊन आलेले, 43 वर्षांचे, बँकेत काम करणारे तमिळभाषक गृहस्थ तीन वर्षे मराठी शिकत आहेत. त्यांचा आणि त्यांच्या शिक्षिकेचा संवाद येथे दिला आहे. संवाद अध्यापनासाठी रचलेला आहे, पण त्यातील चुका तमिळभाषक शिकणाऱ्याकडून मराठीत होऊ शकतील अशाच आहेत. वाचताना एक काम करा. त्यांच्या बोलण्यातील भूतकाळी क्रियापदांकडे लक्ष ठेवा आणि कोणती चुकली ते वहीत लिहा.

2. संवाद: पहिली भेट

शिकणारे: मॅडम, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. तुमचा दोष नाही. माझी मराठी इथंच थांबली आहे, असं मला वाटतं.

शिक्षिका: अचानक असं का वाटलं? काही घडलं का?

शिकणारे: परवा बँकेत एक आजोबा आले होते. मी त्यांचा अर्ज भरलो, त्यांचं खातं उघडलो, सगळं नीट समजावून सांगितलो. ते खूश झाले. घरी येऊन मी ही गोष्ट मुलीला सांगितलो. ती नऊ वर्षांची आहे, इथल्याच शाळेत जाते. ती हसली आणि म्हणाली, "अप्पा, तू अजून तसंच बोलतोस." तेव्हापासून मी घरी मराठी बोलत नाही.

शिक्षिका: आणि बँकेत?

शिकणारे: बँकेत बोलावं लागतं. पहिल्या सहा महिन्यांत मी रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी बोलायला शिकलो. वर्षभरात ग्राहकांशी बोलू लागलो. पुढची दोन वर्षं तशीच गेली. सगळे म्हणतात, "वा, किती छान मराठी बोलता!" पण दोन वर्षांपूर्वीही हेच म्हणायचे.

शिक्षिका: कोणी चूक सुधारत नाही?

शिकणारे: काम होतं ना, मग कशाला सुधारतील? मी अडखळलो तर समोरचा लगेच हिंदीत बोलतो. आणि माझं वय 43. या वयात आता होणार नाही.

शिक्षिका: वयाचं आपण शेवटी बघू. आधी तुमचं बोलणं तपासू. पुढच्या वेळी येताना फोनवर चार मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून आणा. विषय: 'कालचा माझा दिवस'. लिहून काढून वाचू नका, सरळ बोला.

3. विश्लेषण: काम भागते तिथे सुधारणा थांबते

तुमच्या वहीत चार चुका असायला हव्यात: 'अर्ज भरलो', 'खातं उघडलो', 'समजावून सांगितलो' आणि 'गोष्ट सांगितलो'. येथे 'अर्ज भरला', 'खातं उघडलं', 'समजावून सांगितलं' आणि 'गोष्ट सांगितली' असे हवे होते. चारही चुका एकाच जातीच्या आहेत. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की मराठीत ते सहसा कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. हे गृहस्थ मात्र क्रियापद कर्त्याप्रमाणे, म्हणजे स्वतःप्रमाणे, बदलत आहेत.

आता ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहा. 'मी त्यांचा अर्ज भरलो' या वाक्यात कोणी भरला हे 'मी'मुळे कळते आणि काय भरले हे 'अर्ज'मुळे कळते. क्रियापदाच्या शेवटी 'लो' आले काय किंवा 'ला' आले काय, अर्थात फरक पडत नाही. आजोबांचे खाते उघडले गेले आणि ते समाधानाने घरी गेले. जी चूक अर्थाच्या आड येत नाही, ती दाखवण्याचे कारण कोणालाच उरत नाही, आणि बोलणाऱ्यालाही ती स्वतःहून जाणवत नाही.

लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये 'अंतरभाषा' ही संकल्पना मांडली. शिकणाऱ्याच्या डोक्यात मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मधली, स्वतःचे नियम असलेली एक व्यवस्था तयार होते, ती अंतरभाषा. तिचे काही भाग पुढे बदलत नाहीत, जागच्या जागी घट्ट होतात. याला त्यांनी अश्मीभवन म्हटले. रिचर्ड श्मिट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. हवाईमध्ये राहणारा एक जपानी चित्रकार इंग्रजीत मोकळेपणाने गप्पा मारत असे आणि व्यवसायही सांभाळत असे. तीन वर्षांच्या निरीक्षणात त्याची संवाद साधण्याची क्षमता बरीच वाढली, पण व्याकरण फारसे बदलले नाही. नुसते बोलत राहिल्याने बोलण्याचा सराव होतो. व्याकरण आपोआप सुधारेलच असे नाही.

4. मोजणी: नेमके काय अडले आहे?

पुढच्या भेटीत शिक्षिकेने रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द उतरवून काढला. मग प्रत्येक भूतकाळी क्रियापदाखाली रेघ मारली आणि त्यांचे दोन गट केले. पहिल्या गटात कर्त्याप्रमाणे चालणारी क्रियापदे: गेलो, बसलो, भेटलो अशी. दुसऱ्या गटात कर्माप्रमाणे चालायला हवीत अशी: अर्ज भरला, सही केली, रक्कम मोजली अशी. दोन्ही गटांत किती बरोबर आली ते मोजले.

| गट | एकूण जागा | बरोबर | चूक |
|---|---|---|---|
| कर्त्याप्रमाणे चालणारी | 21 | 21 | 0 |
| कर्माप्रमाणे चालणारी | 13 | 4 | 9 |
| एकूण | 34 | 25 | 9 |

शेवटची ओळच पाहिली तर 34 पैकी 25 बरोबर, म्हणजे सुमारे 74 टक्के. 'छान बोलता' हे कौतुक याच आकड्याचे आहे. पण जिथे नियमाची खरी परीक्षा होते त्या 13 जागांपैकी केवळ 4 बरोबर आहेत. एकूण बोलण्याची टक्केवारी काढली तर अडलेला भाग झाकला जातो. म्हणून चूक मोजताना 'हा नियम लागू व्हायलाच हवा होता अशा किती जागा होत्या?' हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

बरोबर आलेल्या त्या चार जागाही पाहण्यासारख्या होत्या: 'मी फोन केला' दोनदा, 'मी काम केलं' आणि 'मी चहा घेतला'. ही सगळी रोज कानावर पडणारी, अख्खी पाठ झालेली वाक्ये आहेत. त्याच रेकॉर्डिंगमध्ये 'मी सही केलो' असेही आले होते. क्रियापद तेच, 'करणे'. नियम लागला असता तर तो दोन्हीकडे लागला असता. म्हणजे त्या चार बरोबर जागा नियमातून आलेल्या नसून स्मरणातून आलेल्या आहेत.

5. चुकीचा नियम इतका टिकतो कसा?

तमिळमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. 'नान् साप्पिट्टेन्' म्हणजे 'मी खाल्ले'; काय खाल्ले यावर क्रियापदाचे रूप अवलंबून नसते. तसेच तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. त्यामुळे 'अर्ज' तो, 'सही' ती आणि 'खाते' ते, ही वाटणी तमिळभाषकाला नव्यानेच शिकावी लागते.

पण सगळा दोष मातृभाषेवर टाकणे बरोबर नाही. याच गृहस्थांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक कधीच अवघड गेला नाही, कारण तमिळमध्ये 'नाङ्गळ्' आणि 'नाम्' असा तोच फरक आहे. 'मला भूक लागली' ही रचनाही त्यांना सहज जमली, कारण तमिळमध्येही तिथे 'एनक्कु', म्हणजे 'मला', हेच येते. मातृभाषा काही दारे उघडते, काही लावून घेते.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण मराठीतच आहे. रोजच्या बोलण्यात 'मी गेलो', 'आलो', 'बसलो', 'थांबलो' ही अकर्मक क्रियापदे सतत येतात आणि ती कर्त्याप्रमाणेच चालतात. शिवाय काही क्रियापदे कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात: 'मी मराठी शिकलो', 'मी छत्री विसरलो', 'मी चहा प्यायलो'. अशी वाक्ये ऐकणाऱ्याचा 'मी आले की शेवटी लो' हा समज दिवसातून कित्येकदा खरा ठरतो. वरच्या तक्त्यातील 21 पैकी 21 बरोबर जागांनी या गृहस्थांना हेच शिकवले आहे. बहुतेक वेळा बरोबर उत्तर देणारा चुकीचा नियम सोडणे सर्वांत कठीण असते.

यात 'मी' या रूपाचीही भर पडते. 'त्याने अर्ज भरला' यात 'ने' प्रत्यय दिसतो आणि इथे काहीतरी वेगळे चालले आहे अशी सूचना मिळते. 'मी अर्ज भरला' यात 'मी' तृतीयेत असूनही त्याचे रूप प्रथमेसारखेच राहते. सूचना देणारा प्रत्ययच नाही.

6. संवाद: दुसरी भेट

शिक्षिकेने नऊ चुकलेली वाक्ये एका कागदावर, कोणतीही खूण न करता, लिहून दिली.

शिक्षिका: ही तुमचीच वाक्यं आहेत. घाई नाही. बदलावंसं वाटेल तिथे बदला.

शिकणारे: (पाच मिनिटांनी) 'मी अर्ज भरला.' 'मी सही केली.' 'मी पावती दिली.' मॅडम, हे मला माहीत आहे! मग बोलताना का येत नाही?

शिक्षिका: पुढची वाक्यं वाचा.

शिकणारे: 'मी रक्कम मोजला.' 'मी खातं उघडला.' 'मी ओळखपत्र तपासला.'

शिक्षिका: नऊपैकी सहा तुम्ही स्वतः सुधारलीत. या तीन वाक्यांत 'लो' काढलंत हे बरोबर केलंत, पण तिथे 'ला' ठेवलंत. 'रक्कम' तो, ती की ते?

शिकणारे: ते... मला माहीत नाही.

शिक्षिका: बघा, तुमच्या नऊ चुका म्हणजे दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. सहा ठिकाणी नियमही माहीत आहे, लिंगही माहीत आहे, फक्त बोलण्याच्या वेगात ते वेळेवर हाताशी येत नाही. तीन ठिकाणी शब्दाचं लिंगच माहीत नाही. तिथे तुम्ही सवयीने पुल्लिंग धरता. पहिल्यावर कितीही व्याकरण समजावलं तरी उपयोग नाही, आणि दुसऱ्यावर नुसतं बोलून उपयोग नाही.

शिकणारे: आणि वय?

शिक्षिका: मोठ्या वयात उच्चार अगदी स्थानिक माणसासारखे होणं बहुतेकांना कठीण जातं, हे खरं. पण पाच मिनिटांत सहा वाक्यं स्वतः सुधारणाऱ्या माणसाला 'या वयात नियम शिकता येत नाही' असं कसं म्हणू? नियम तुम्ही शिकलाच आहात. तो बोलण्यात उतरायचा आहे.

येथे एक जुना पण उपयुक्त फरक लक्षात घ्या. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या: ज्ञानच अपुरे असल्यामुळे नियमितपणे होणारी चूक आणि ज्ञान असूनही बोलताना घडणारी चूक. शिकणाऱ्याला स्वतःची चूक सुधारता येते का, ही त्यांतला फरक ओळखण्याची सोपी कसोटी आहे. खूण न केलेला कागद हे त्या कसोटीचे साधन. शिक्षकाने आधीच लाल रेघ मारली, तर ही माहिती हातची जाते.

7. सराव: आठ आठवड्यांची आखणी

पहिली पायरी: लिंगासह शब्द. पहिले दोन आठवडे त्यांच्या कामातले केवळ 15 शब्द घेतले.

- हा: अर्ज, फॉर्म, चेक, फोन, फोटो, हप्ता
- ही: सही, रक्कम, पावती, फाईल, नोंद
- हे: खाते, कर्ज, ओळखपत्र, पासबुक

शब्द सुटा पाठ करायचा नाही, तर 'भरलेला अर्ज', 'मोजलेली रक्कम', 'उघडलेले खाते' अशी जोडी म्हणायची. या जोडीतले 'ला, ली, ले' तेच क्रियापदाच्या शेवटी येतात: भरला, मोजली, उघडले. त्यामुळे लिंग आणि क्रियापदाचे रूप एकदमच स्मरणात बसते. त्यानंतर 'त्यांनी अर्ज भरला' हे वाक्य म्हणायचे आणि त्यातला फक्त कर्ता बदलायचा: 'मी अर्ज भरला'. क्रियापदाला हात लावायचा नाही. 'त्यांनी'सोबत जे रूप बरोबर येते, तेच 'मी'सोबत वापरायचे.

दुसरी पायरी: तीच गोष्ट, कमी वेळात. तिसऱ्या आठवड्यापासून बँकेतला एक प्रसंग निवडून तो आधी चार मिनिटांत, मग तीन आणि मग दोन मिनिटांत सांगायचा, शक्यतो प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाला. विषय तोच असल्यामुळे काय बोलायचे याचा विचार करावा लागत नाही आणि वेळ कमी होत गेल्यामुळे योग्य रूप झटपट काढावे लागते. यात एक धोका आहे. चार मिनिटांच्या सांगण्यात 'सही केलो' आले आणि ते तसेच राहिले, तर पुढच्या दोन फेऱ्यांत तीच चूक आणखी पक्की होते. म्हणून पहिल्या फेरीनंतर थांबून फक्त याच नियमाच्या चुका सुधारायच्या आणि मगच पुढे जायचे. बाकीच्या चुका तेवढ्यापुरत्या सोडून द्यायच्या.

तिसरी पायरी: ऐकणाऱ्याने काय करायचे? रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातील काही वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर्गांत मुले शाळेचे विषय फ्रेंच या दुसऱ्या भाषेतून शिकत होती. शिक्षक सर्वांत जास्त वेळा काय करत? मुलाचे चुकलेले वाक्य स्वतः बरोबर करून उच्चारत. आणि याच पद्धतीला मुलांचा प्रतिसाद सर्वांत कमी होता. उत्तर आयते न देता सूचना दिली की मुले स्वतः वाक्य सुधारत.

आपल्या उदाहरणात हे असे दिसते. गृहस्थ म्हणतात, "मी अर्ज भरलो." सहकारी म्हणतो, "हो का, भरला का? बरं झालं." सहकाऱ्याने दुरुस्ती केली, पण ऐकणाऱ्याला ती होकारासारखी वाटली. त्याऐवजी सहकाऱ्याने "मी अर्ज...?" एवढेच म्हणून थांबायचे. वाक्य पुरे करण्याचे काम बोलणाऱ्यावरच राहते. शिक्षिकेने हे काम दोघांना द्यायला सांगितले: बँकेतल्या एका सहकाऱ्याला, चहाच्या वेळी फक्त दहा मिनिटे, आणि घरी मुलीला, दोन मिनिटांच्या फेरीपुरते. हसायचे नाही, उत्तर सांगायचे नाही, फक्त "मी सही...?" म्हणून थांबायचे. दिवसभर प्रत्येक वाक्याला कोणी टोकू लागले तर माणूस बोलणेच बंद करतो. म्हणून वेळ आणि नियम, दोन्ही मर्यादित ठेवायचे.

8. संवाद: आठ आठवड्यांनंतर

शिकणारे: मॅडम, खरं सांगू? मला तर वाटतं, मी मागे गेलो. हळू बोलतो, मध्येच थांबतो. आणि नव्याच चुका करतो. काल मी म्हणालो, "मी छत्री विसरली." मुलगी "मी छत्री...?" म्हणून थांबली, तेव्हा कळलं.

शिक्षिका: नवं रेकॉर्डिंग मी मोजून ठेवलंय. योगायोगाने यातही भूतकाळाच्या 34 जागा आहेत. आकडे तुम्हीच वाचा.

शिकणारे: कर्माप्रमाणे चालणाऱ्या 14 जागा, त्यांत 9 बरोबर. कर्त्याप्रमाणे चालणाऱ्या 20, त्यांत 18 बरोबर. एकूण 27. आधी 25 होते. म्हणजे आठ आठवड्यांत दोनच वाढले!

शिक्षिका: एकूण आकडा बघाल तर तसंच वाटेल. आधी 13 पैकी 4 होते, आता 14 पैकी 9 आहेत. आणि चुकलेल्या पाचपैकी तीन ठिकाणी तुम्ही तिथल्या तिथे थांबून वाक्य सुधारलंत. ती मी चुकांतच धरली आहेत. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही एकदाही थांबला नव्हता.

शिकणारे: मग 'छत्री विसरली'?

शिक्षिका: ती चूक मला हवीच होती. आधी तुम्ही 'विसरलो' म्हणायचात ते बरोबर होतं, पण तुमच्या त्या जुन्या, चुकीच्या नियमामुळे बरोबर होतं. आता नवा नियम तुम्ही सगळीकडे लावून बघताय. विसरणे, शिकणे, पिणे यांसारखी मोजकी क्रियापदं आता वेगळी लिहून ठेवू. ती अपवाद म्हणून कळायला आधी नियम पक्का व्हावा लागतो.

या संवादातून तीन खुणा लक्षात ठेवा. बोलण्याचा वेग तात्पुरता कमी होणे, मध्येच थांबून स्वतःला सुधारणे आणि पूर्वी बरोबर येणारी रूपे काही काळ चुकणे. शिकणाऱ्याला या तिन्ही पीछेहाटीसारख्या वाटतात. पण त्यांच्यासोबत अडलेल्या जागांतील बरोबर रूपे वाढत असतील, तर घट्ट झालेला नियम हलू लागला आहे असे समजावे. उलट वेग चांगला आहे, थांबणे नाही, नवी चूक नाही आणि अडलेल्या जागांचा आकडाही तोच आहे, तर सराव निष्फळ चालला आहे.

9. या पद्धतीच्या मर्यादा

मध्यम टप्प्यावरची प्रत्येक अडचण अशी नसते. बोलणे शुद्ध आहे पण वर्तमानपत्रातला अग्रलेख कळत नाही, असे असेल तर प्रश्न शब्दसंग्रहाचा आहे. तिथे भरपूर वाचन लागते, कर्मणी प्रयोगाचा सराव नव्हे. तसेच ज्या गोष्टी ठळक नियमात बसत नाहीत, उदाहरणार्थ कोणत्या प्रसंगी कोणता शब्द शोभेल, त्या अशा जागा मोजून सुधारत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतच्या काही बोलींत 'मी काम केलो' असे सहज ऐकू येते. तिथल्या मराठीभाषकाच्या तोंडी ती चूक नाही, त्या बोलीचा तो नियम आहे. आपल्या उदाहरणातील गृहस्थांना पुण्यात, बँकेत आणि मुलीच्या शाळेत चालणारी प्रमाण मराठी हवी होती, म्हणून त्यांच्यासाठी ते सुधारायचे रूप ठरले. कोणते रूप चूक मानायचे, हे शिकणारा कोणती बोली शिकू पाहतो यावर ठरते.

सारांश

शिकणारा मध्यम टप्प्यावर अडकतो, कारण त्याच्या चुका अर्थाच्या आड येत नाहीत आणि त्याचा चुकीचा नियम बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो. एकूण बोलण्याकडे पाहून ना अडलेला भाग दिसतो, ना त्यातली प्रगती. म्हणून नमुना घ्यावा, नियमाच्या जागा वेगळ्या मोजाव्यात, खूण न केलेला कागद देऊन अज्ञान आणि वेगाची अडचण वेगळी करावी आणि एका वेळी एकाच नियमाचा सराव घ्यावा.

स्वाध्याय

1. पुढील वाक्यांपैकी कोणती क्रियापदे कर्त्याप्रमाणे आणि कोणती कर्माप्रमाणे चालली आहेत ते सांगा: 'मी फाईल शोधली', 'मी मित्राला भेटलो', 'आम्ही हप्ता भरला', 'मी कन्नड शिकलो'.
2. तुमच्या मातृभाषेपेक्षा वेगळी भाषा शिकणाऱ्या एखाद्या सहाध्यायाच्या परवानगीने त्याचे चार मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करा. वारंवार होणारी एक चूक निवडा. तो नियम लागायला हवा होता अशा एकूण जागा आणि त्यांतील बरोबर जागा मोजा.
3. त्याच चुकलेल्या वाक्यांचा, खूण न केलेला कागद त्याला द्या. किती वाक्ये त्याने स्वतः सुधारली? त्यावरून कोणता सराव सुचवाल, ते पाच-सहा ओळींत लिहा.
4. तुम्ही सध्या दुसरी भाषा शिकत असाल, तर त्या भाषेतील तुमचा एखादा 'बहुतेक वेळा बरोबर ठरणारा' चुकीचा नियम शोधा. तो कोणत्या वाक्यांमुळे टिकून राहिला आहे?